दहा टक्क्यांचे अठरा टक्के कसे होतात?
दुचाकीच्या कर्जावरील सरसकट व्याजाचा खरा वार्षिक दर काढण्याची रीत

दुचाकी विकणाऱ्या दुकानात गाडीच्या किमतीचा आकडा जेवढ्या ठळकपणे सांगितला जातो, तेवढ्याच ठळकपणे कर्जाच्या व्याजाचा एक आकडाही सांगितला जातो. तो बहुधा लहान असतो. आठ टक्के, नऊ टक्के, दहा टक्के असा तो दर ऐकून गिऱ्हाइकास बरे वाटते; कारण गावातील बँकेत चौकशी केली असता तेथे बारा-तेरा टक्क्यांखाली दर सांगितलेला नसतो. साहजिकच दुकानातील कर्ज स्वस्त आणि बँकेचे महाग, असा समज होऊन सही केली जाते. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या नेमकी उलट असते. हे कसे घडते, आणि कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही त्याची शहानिशा कशी करता येईल, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे सांगण्याचे योजिले आहे.

उदाहरण

समजा, डिचोली तालुक्यातील एका गृहस्थाला नोकरीसाठी रोज म्हापशास जावे लागते. बसच्या वेळा जुळत नाहीत म्हणून त्यांनी स्कूटर घेण्याचे ठरविले. गाडीची नोंदणी व विमा धरून एकूण किंमत ९२,००० रुपये झाली. त्यांपैकी २०,००० रुपये त्यांनी रोख भरले आणि उरलेल्या ७२,००० रुपयांसाठी दोन वर्षांचे कर्ज काढावयाचे ठरले.

दुकानात बसलेल्या कर्ज कंपनीच्या प्रतिनिधीने हिशेब सांगितला तो असा : "साहेब, व्याज फक्त दहा टक्के. बहात्तर हजारांवर वर्षाला सात हजार दोनशे, दोन वर्षांचे चौदा हजार चारशे. एकूण झाले शहाऐंशी हजार चारशे. भागिले चोवीस. महिन्याला छत्तीसशे रुपये भरा की झाले."

त्याच आठवड्यात या गृहस्थांनी आपल्या गावच्या बँकेतही विचारले होते. तेथे दर सांगितला होता तेरा टक्के. तेव्हा दहा आणि तेरा यांत दहाच बरे, असे मानून ते दुकानातील कागदांवर सही करण्यास निघाले. परंतु बँकेने सांगितलेला मासिक हप्ता त्यांनी विचारला असता, तर तो ३,४२३ रुपये असल्याचे त्यांना कळले असते. म्हणजे तेरा टक्क्यांच्या कर्जाचा हप्ता दहा टक्क्यांच्या कर्जापेक्षा १७७ रुपयांनी कमी! चोवीस महिन्यांत हा फरक ४,२४८ रुपयांचा होतो. कर्जाची रक्कम तीच, मुदत तीच. मग अधिक दराचे कर्ज स्वस्त कसे?

दोन दर, दोन मोजमापे

याचे उत्तर असे की, हे दोन दर एकाच मापाने मोजलेले नाहीत. बँकेचा तेरा टक्के हा घटत्या शिलकीवरील दर आहे. दर महिन्यास कर्जदाराकडे जेवढी मुद्दल खरोखर बाकी असेल तेवढ्याच मुद्दलावर त्या महिन्याचे व्याज आकारले जाते. हप्त्यांगणिक मुद्दल कमी होत जाते आणि त्याबरोबर व्याजही कमी होत जाते.

दुकानातील दहा टक्के हा मात्र सरसकट दर आहे. त्यास व्यवहारात 'फ्लॅट रेट' म्हणतात. यात पहिल्या दिवशी घेतलेल्या संपूर्ण रकमेवर शेवटच्या दिवसापर्यंतचे व्याज आधीच आकारून ठेवलेले असते. आपल्या उदाहरणातील गृहस्थांकडे ७२,००० रुपये फक्त पहिला महिनाभर राहतात. पहिला हप्ता भरताच त्यातील काही मुद्दल परत जाते, दुसऱ्या हप्त्याने आणखी जाते, आणि शेवटच्या महिन्यात तर साडेतीन हजारांच्या आसपास रक्कम त्यांच्याकडे उरलेली असते. तरीही त्या शेवटच्या महिन्याचे व्याज ७२,००० रुपयांवरच धरलेले आहे. जी रक्कम आपल्यापाशी नाही तिचेही व्याज आपण देत असतो, हे सरसकट दराचे मर्म होय.

यात हप्त्याचा आकडा खोटा नसतो, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. ३,६०० रुपये सांगितले आणि ३,६०० रुपयेच घेतले. दिशाभूल होते ती केवळ दराच्या आकड्यामुळे, कारण गिऱ्हाईक त्याची तुलना दुसऱ्या मापाने मोजलेल्या आकड्याशी करते. एकाने मैलात सांगितलेले अंतर आणि दुसऱ्याने किलोमीटरमध्ये सांगितलेले अंतर यांची तुलना केल्यास जशी फसगत होईल, तशीच ही फसगत आहे.

पहिला अंदाज : सरासरी बाकी

खरा दर जाणून घ्यावयाचा म्हणजे, दोन वर्षांत आपल्याकडे सरासरी किती रक्कम होती हे पाहावयाचे आणि दिलेले व्याज त्या सरासरीवर किती टक्के पडते ते काढावयाचे.

प्रथम ढोबळ हिशेब करू. मुद्दल चोवीस सारख्या भागांत फेडली जाते असे मानले, तर दर महिन्यास ३,००० रुपये मुद्दल कमी होईल. पहिल्या महिन्यात बाकी ७२,०००, दुसऱ्यात ६९,०००, तिसऱ्यात ६६,००० असे उतरत शेवटच्या महिन्यात ३,००० राहतील. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांची बेरीज ७५,०००; तिच्या निम्मे ३७,५००. हीच सरासरी बाकी. वर्षाचे व्याज ७,२०० रुपये. ते ३७,५०० रुपयांवर पडते शेकडा १९.२.

म्हणजे दहाचे जवळजवळ दुप्पट झाले. मात्र हा अंदाज किंचित चढा आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मुद्दल प्रत्यक्षात सारख्या भागांत फिटत नसते. सुरुवातीच्या महिन्यांत बाकी मोठी असल्याने हप्त्यातील मोठा भाग व्याजाकडे जातो व मुद्दल हळूहळू कमी होते. शेवटी शेवटी ती भराभर कमी होते. त्यामुळे खरी सरासरी बाकी ३७,५०० पेक्षा थोडी अधिक, सुमारे ३९,६५० रुपये, असते आणि खरा दर १९.२ पेक्षा थोडा खाली येतो.

पक्का हिशेब : महिनावार खाते

पक्का दर काढण्यासाठी बीजगणिताची आवश्यकता नाही. एक मासिक दर अंदाजाने धरावा, त्या दराने महिनावार खाते लिहावे, आणि शेवटच्या हप्त्यानंतर बाकी नेमकी शून्य होते की नाही ते पाहावे. ज्या दराने ती शून्य होते तोच कर्जाचा खरा दर.

पहिल्या अंदाजात दर १९.२ आला होता व तो किंचित चढा आहे हे आपणास ठाऊक आहे. म्हणून वर्षाला १८, म्हणजे महिन्याला दीड टक्का, असा दर धरून खाते लिहू. रीत अशी : बाकी रकमेवर दीड टक्का व्याज काढावे, ३,६०० मधून ते वजा करावे, जे उरेल ते मुद्दलात जमा धरावे, तेवढे बाकीतून वजा करून नवी बाकी लिहावी. आकडे जवळच्या रुपयापर्यंत घेतले आहेत.

| हप्ता | सुरुवातीची बाकी | महिन्याचे व्याज | मुद्दलात जमा | अखेरची बाकी |
|---|---|---|---|---|
| १ | ७२,००० | १,०८० | २,५२० | ६९,४८० |
| २ | ६९,४८० | १,०४२ | २,५५८ | ६६,९२२ |
| ३ | ६६,९२२ | १,००४ | २,५९६ | ६४,३२६ |
| १२ | ४२,१०५ | ६३२ | २,९६८ | ३९,१३६ |
| २४ | ३,३९३ | ५१ | ३,५४९ | १५६ जादा |

मधल्या ओळी जागेअभावी गाळल्या आहेत; वाचकांनी त्या स्वतः लिहून पाहाव्यात. शेवटच्या हप्त्याच्या वेळी व्याजासह ३,४४४ रुपयेच देणे उरले होते, पण हप्ता ३,६०० चा आहे. म्हणजे १५६ रुपये जादा गेले. याचा अर्थ दीड टक्का हा दर थोडा कमी धरला गेला. खरा दर त्याहून किंचित अधिक आहे.

आता महिन्याला १.५२ टक्के धरून पुन्हा तेच खाते लिहिले, तर चोवीस हप्त्यांनंतर ८३ रुपये देणे शिल्लक राहते. तेव्हा हा दर थोडा जास्त झाला. खरा दर १.५० आणि १.५२ यांच्या दरम्यान आहे. एका बाजूस १५६ रुपयांची चूक, दुसऱ्या बाजूस ८३ रुपयांची, एकूण २३९. दोन दरांतील अंतर ०.०२ चे या प्रमाणात भाग केले असता, १.५० मध्ये सुमारे ०.०१३ मिळवावे लागतात. म्हणून मासिक दर आला १.५१३ टक्के. त्यास बाराने गुणले की वार्षिक दर मिळतो : १८.१६ टक्के.

हा झाला दुकानातील दहा टक्क्यांचा खरा आकडा. बँकेच्या तेरा टक्क्यांशी तुलना करावयाची ती याची. मासिक दरास बाराने गुणून वार्षिक दर सांगण्याची हीच पद्धत बँका वापरतात, त्यामुळे दोन्ही आकडे आता एका मापाचे झाले. उलट बाजूनेही हे ताडून पाहता येते. बँकेच्या कर्जावर चोवीस हप्त्यांत एकूण ८२,१५२ रुपये, म्हणजे १०,१५२ रुपये व्याज जाते. ते सरसकट पद्धतीने मांडले, तर दर पडतो केवळ ७.०५ टक्के. बँकेनेही दुकानाची भाषा वापरली असती, तर तिच्या फलकावर 'सात टक्के' असे झळकले असते!

ज्या शाळांत किंवा पंचायत कार्यालयांत संगणक आहे, अथवा ज्यांच्या भ्रमणध्वनीवर हिशेबतक्ता लिहिण्याची सोय आहे, त्यांना हेच उत्तर एका ओळीत मिळेल. तक्त्याच्या कोणत्याही रिकाम्या चौकटीत पुढील सूत्र लिहावे :

```
=RATE(24,-3600,72000)*12
```

यातील पहिला आकडा हप्त्यांच्या संख्येचा, दुसरा हप्त्याचा आणि तिसरा हाती आलेल्या कर्जाचा. हप्ता आपल्याकडून जातो म्हणून त्यापूर्वी वजाचे चिन्ह द्यावयाचे. उत्तर ०.१८१६ असे येईल, तेच १८.१६ टक्के. चौकटीत १८ टक्के एवढेच दिसले, तर दशांशाची स्थळे वाढवून पाहावे.

दुकानातच करावयाचा हिशेब

दुकानात उभ्या उभ्या चोवीस ओळींचे खाते लिहिणे शक्य नसते. अशा वेळी एक सोपा ठोकताळा पुरेसा आहे : सांगितलेल्या सरसकट दरास १.८ ने गुणावे. दहाचे १८, सातचे १२.६, बाराचे २१.६. मुदत एक ते तीन वर्षांची असेल, तर हा ठोकताळा खऱ्या आकड्याच्या बराच जवळ जातो. दहा टक्के सरसकट दराचे एक वर्षाचे कर्ज घेतले तर खरा दर १७.९७ येतो, दोन वर्षांचे घेतले तर १८.१६, आणि तीन वर्षांचे घेतले तर १७.९२. यावरून हेही दिसून येईल की मुदत लांबविल्याने दर फारसा बदलत नाही. बदलते ती व्याजाची एकूण रक्कम. याच ७२,००० रुपयांवर एका वर्षाचे व्याज ७,२००, तर तीन वर्षांचे २१,६०० रुपये होते. हप्ता लहान वाटतो म्हणून मुदत वाढवून घेणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

दर सरसकट आहे की घटत्या शिलकीवरचा आहे हे प्रतिनिधी आपण होऊन सांगेलच असे नाही. ते ओळखण्याची खूण सोपी आहे. हप्त्याला हप्त्यांच्या संख्येने गुणावे, त्यातून कर्जाची रक्कम वजा करावी, आणि जे व्याज उरेल त्यास कर्जाच्या रकमेने व वर्षांच्या संख्येने भागावे. आलेला आकडा सांगितलेल्या दराशी तंतोतंत जुळला, तर तो दर सरसकट आहे असे खुशाल समजावे. आपल्या उदाहरणात ३,६०० गुणिले २४ बरोबर ८६,४००. त्यातून ७२,००० गेले, उरले १४,४००. त्यास ७२,००० आणि २ ने भागले की ०.१०, म्हणजे दहा टक्के. सांगितलेला दर नेमका तोच होता.

हाती आले किती?

आतापर्यंतच्या हिशेबात ७२,००० रुपये पूर्णपणे गाडीच्या किमतीकडे गेले असे आपण धरले. प्रत्यक्षात तसे क्वचितच होते. कर्ज देताना प्रक्रिया शुल्क, कागदपत्रांचा खर्च अशा नावांनी काही रक्कम आधीच कापून घेतली जाते. समजा, ती कर्जाच्या तीन टक्के, म्हणजे २,१६० रुपये आहे. तेव्हा कर्ज ७२,००० चे लिहिले गेले तरी कर्जदाराच्या कामी आले ६९,८४० रुपयेच. हप्ता मात्र ३,६०० चाच राहिला. खात्याची सुरुवात आता ६९,८४० या आकड्याने करावयाची. तसे केले असता खरा दर येतो सुमारे २१.३ टक्के. एकदाच दिलेल्या तीन टक्के शुल्काने दर तीन टक्क्यांहूनही अधिक वाढला, याचे अनेकांना आश्चर्य वाटेल. त्याचे कारण पुन्हा तेच : शुल्क पूर्ण ७२,००० वर घेतले, पण पैसा सरासरीने त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक वापरावयास मिळाला.

दुसरा प्रकार आगाऊ हप्त्याचा. "पहिला हप्ता आजच भरा, पुढे तेवीसच उरतील," असे सांगितले जाते तेव्हा ती सवलत वाटते. वास्तविक ७२,००० घेऊन त्याच क्षणी ३,६०० परत दिले, याचा अर्थ कर्ज ६८,४०० रुपयांचेच मिळाले आणि ते तेवीस हप्त्यांत फेडावयाचे आहे. शुल्क मुळीच नसले तरी एवढ्यानेच १८.१६ चा दर १९.८६ होतो. शुल्क आणि आगाऊ हप्ता हे दोन्ही असतील, तर तो २३ टक्क्यांच्या वर जातो. हिशेबतक्त्यावर हे पाहावयाचे असेल, तर सूत्र असे :

```
=RATE(24,-3600,69840,0,1)*12
```

शेवटचा १ हा आकडा हप्ते महिन्याच्या आरंभी भरले जातात हे दर्शवितो.

कर्जाच्या रकमेतच एखादा विमा किंवा गाडीच्या देखभालीची एखादी योजना मिसळलेली असणे, हाही याच जातीचा प्रकार होय. त्या गोष्टींची आपणास खरोखर गरज असेल तर त्या स्वतंत्रपणे रोखीने घेता येतात का ते विचारावे; कर्जात मिसळल्यास त्यांच्या किमतीवरही व्याज भरावे लागते.

मुदतीपूर्वी कर्ज फेडताना

सरसकट दराचा दुसरा फटका मुदतीपूर्वी कर्ज फेडू पाहणाऱ्यास बसतो. आपल्या उदाहरणातील गृहस्थांनी बारा हप्ते भरल्यावर हाती आलेल्या रकमेतून कर्ज संपविण्याचे ठरविले, असे समजू. त्यांचा स्वाभाविक विचार असा : निम्मी मुदत झाली, निम्मी मुद्दल फिटली, उरले ३६,००० रुपये. परंतु कंपनीच्या पत्रात बाकी दिसते ३९,२३५ रुपये, आणि त्यावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क वेगळे.

येथे कंपनीने चूक केली असे म्हणता येत नाही. १८.१६ टक्के दराने खाते लिहिले तर बारा हप्त्यांनंतर बाकी तेवढीच येते. पहिल्या वर्षी भरलेल्या ४३,२०० रुपयांपैकी १०,४३५ रुपये व्याजाकडे गेले आणि दुसऱ्या वर्षासाठी केवळ ३,९६५ रुपये व्याज उरले. व्याज आकारताना ते दोन्ही वर्षांत सारखे वाटून सांगितले गेले, खाते लिहिताना मात्र ते घटत्या शिलकीने लिहिले गेले. या दोन भाषांच्या फटीत कर्जदार सापडतो.

परंतु पत्रातील आकडा ४३,२०० च्या जवळपास असेल, तर गोष्ट वेगळी आहे. उरलेले बारा हप्ते गुणिले ३,६०० बरोबर ४३,२००. म्हणजे न वापरलेल्या वर्षाचे व्याजही मागितले जात आहे. अशा वेळी महिनावार खात्याची प्रत मागावी, करारातील मुदतपूर्व फेडीचे कलम वाचावे, आणि दोन्हींत मेळ बसत नसेल तर लेखी खुलासा विचारावा.

कागदावर हा दर कोठे पाहावा?

वरील सर्व खटाटोप कर्जदारानेच करावयास नको म्हणून रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी एक परिपत्रक काढले. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सर्व नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँका व बँकेतर वित्तीय कंपन्या यांनी कर्जदारास 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचे विवरण, देणे आवश्यक आहे. दुचाकीचे कर्ज यातच येते. या विवरणात 'ए.पी.आर.' या अक्षरांपुढे एक टक्केवारी लिहिलेली असते. तीच आपण वर काढलेली वार्षिक टक्केवारी होय, आणि तीत प्रक्रिया शुल्क, तसेच कंपनी दुसऱ्या संस्थेच्या वतीने वसूल करीत असलेला विम्यासारखा खर्चही धरावा लागतो. हप्ता चुकल्यास किंवा धनादेश न वटल्यास होणारा आकार मात्र त्यात नसतो. तो विवरणात वेगळा दिलेला असतो.

या परिपत्रकातील तीन गोष्टी कर्जदाराने विशेष ध्यानात ठेवाव्यात. विवरण कर्जदारास समजेल अशा भाषेत असावयास हवे व त्यातील मजकूर त्याला समजावून सांगून तशी पोच घेतली पाहिजे. गोव्यातील वा बेळगाव भागातील मराठी वाचकाने म्हणूनच ते मराठीतून मागण्यास संकोच करू नये. दुसरे असे की, सात दिवस वा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जाचे विवरण हाती पडल्यावर कर्जदारास विचार करण्यासाठी निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. तेवढ्या अवधीत त्याच अटींवर होकार दिला तर कंपनी त्या अटींना बांधलेली असते. "आजच सही करा, उद्या हा दर मिळणार नाही" या घाईस त्यामुळे अर्थ उरत नाही. तिसरे, विवरणात न दाखविलेले कोणतेही शुल्क कर्जाच्या मुदतीत कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही.

हा नियम रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील संस्थांना लागू आहे. सहकारी पतसंस्था त्या देखरेखीत येत नाहीत; तेथे, किंवा खाजगी सावकाराकडून कर्ज घेताना, हिशेब आपला आपणच करावयास हवा. बँक किंवा वित्तीय कंपनीने विवरण दिले नाही अथवा त्याबाहेरचे शुल्क घेतले, तर प्रथम त्या संस्थेकडेच लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते.

सहीपूर्वी

आपल्या उदाहरणातील गृहस्थांनी सही करण्यापूर्वी दुकानात चारच आकडे विचारले असते तरी पुरे होते : गाडीच्या किमतीकडे प्रत्यक्ष किती रक्कम जाणार, मासिक हप्ता किती, हप्ते किती व पहिला केव्हा, आणि विवरणात 'ए.पी.आर.' किती लिहिला आहे. हेच चार आकडे बँकेतून आणून शेजारी लिहिले असते, तर ३,६०० आणि ३,४२३ हे हप्ते समोरासमोर आले असते व दहा आणि तेरा या आकड्यांनी त्यांना चकविले नसते. रक्कम आणि मुदत सारखी असेल तेव्हा ज्याचा हप्ता लहान ते कर्ज स्वस्त. आणि रक्कम वा मुदत वेगवेगळी असेल तेव्हा ज्याचा 'ए.पी.आर.' लहान ते स्वस्त. सरसकट दराचा आकडा तुलनेसाठी या दोन्ही ठिकाणी कामाचा नाही.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. सरळव्याज आणि टक्केवारी शिकविताना वरील चोवीस ओळींचे खाते वर्गात लिहवून घेण्याजोगे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने एक ओळ फळ्यावर लिहावी, आणि शेवटच्या विद्यार्थ्याने १५६ रुपये जादा का राहिले ते सांगावे. त्यातील काहींच्या घरी त्याच महिन्यात एखाद्या गाडीच्या कर्जाचे कागद सहीसाठी आलेले असण्याचा संभव आहे.